उत्कृष्ट टीमसाठी पुरस्काराचा प्रस्ताव: मानपत्राचा मजकूर आणि परिणामाचे पुरावे यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुरस्काराचे प्रस्ताव अनेक प्रकारचे असतात. इथे एकच प्रकार धरला आहे: सरकारी रुग्णालयातली टीम आणि तिने उच्च रक्तदाबाच्या रुग्णांसाठी केलेले काम. हे क्षेत्र निवडायला कारण आहे. इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह हा उपक्रम २०१७ साली ज्या पाच राज्यांत सुरू झाला त्यांत महाराष्ट्र होता, आणि २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. त्यामुळे काय मोजायचे आणि कसे मोजायचे याची घडी इथे बसलेली आहे. प्रस्ताव मात्र अजूनही ‘अथक परिश्रम’ आणि ‘उल्लेखनीय कामगिरी’ यांच्यावरच चालतात.

खाली जे रुग्णालय येते ते कल्पित आहे आणि त्याचे आकडेही उदाहरणापुरतेच आहेत. मराठवाड्यातले, तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय, आजूबाजूला ऊसतोडीला जाणारी गावे, असे डोळ्यांसमोर आणा.

टीममध्ये कोणाची नावे घालायची?

यावरून भांडणे होतात, म्हणून हे आधी मिटवा. माझी कसोटी साधी आहे: हा माणूस महिनाभर रजेवर गेला असता तर काम अडले असते का? अडले असते तर नाव आत. नसते अडले तर त्याचा हुद्दा कितीही मोठा असो, आभाराच्या ओळीत.

आपल्या रुग्णालयात या कसोटीवर अकरा नावे उरली: दोन डॉक्टर, तीन सिस्टर, फार्मासिस्ट, डाटा ऑपरेटर, उपकेंद्रांवरचे दोन समुदाय आरोग्य अधिकारी, आशा गटप्रवर्तक आणि एक शिपाई. शिपायाचे नाव पाहून छाननी करणारे थबकतात. थबकू द्या, कारण त्याचे काम पुढे येणारच आहे. घरोघर गेलेल्या ३४ आशाताईंची नावे परिशिष्टात पूर्ण लिहा. ‘आशा स्वयंसेविका व इतर’ असे लिहिलेले प्रस्ताव मी पाहिले आहेत. त्या ‘इतर’मधल्या बाईला समारंभाचा फोटो व्हॉट्सॲपवर दिसतो, तेव्हा तिला काय वाटत असेल?

कंत्राटी कर्मचारी आणि मधल्या काळात बदली होऊन गेलेले लोकही आत येतात. त्यांच्या नावापुढे कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, एवढे लिहिले की पुरते.

प्रस्तावाची सुरुवात कशी करावी?

‘मा. अमुक यांच्या मार्गदर्शनाखाली, मा. तमुक यांच्या प्रेरणेने व मा. ढमुक यांच्या सहकार्याने सदर उपक्रम राबविण्यात आला’ ही सुरुवात ओळखीची आहे. यात चार ओळी जातात आणि काम कोणी केले ते कळत नाही. ‘राबविण्यात आला’, ‘करण्यात आली’, ‘देण्यात आल्या’ ही सरकारी मराठीची सवय टीमच्या प्रस्तावात सर्वांत जास्त नडते, कारण टीमचा प्रस्ताव म्हणजे कर्त्यांचीच गोष्ट असते. ‘फोन करण्यात आले’ याऐवजी ‘सिस्टरांनी दर शनिवारी फोन केले’ असे लिहा. मार्गदर्शनाची नावे शेवटी आभारात घ्या. वरिष्ठ नाराज होतील अशी भीती असेल तर मसुदा त्यांना आधी दाखवा. बहुतेक जण समजून घेतात.

सुरुवात अडचणीने करा. उदाहरणार्थ: ‘आमच्याकडे बीपीची गोळी सुरू केलेल्या दर दोन रुग्णांपैकी एक जण पुढे येतच नव्हता. दहा दिवसांच्या गोळ्या मिळत, त्यासाठी मजुरी बुडवून यावे लागे, आणि बरे वाटू लागले की लोक येणे सोडत.’ एवढ्या वाचनावर परीक्षकाला कळते की पुढे कशाचा हिशोब येणार आहे.

मग टीमने केलेल्या चार गोष्टी सांगा. पहिली, दहाऐवजी तीस दिवसांच्या गोळ्या, आणि ऊसतोडीला निघालेल्यांना दोन महिन्यांच्या. दुसरी, बीपी स्थिर असलेल्यांना उपकेंद्रातच गोळ्या. तिसरी, डॉक्टरांच्या खोलीत जाण्याआधी प्रत्येकाचे बीपी सिस्टर मोजणार, आणि आकडा १४०/९० च्या खाली नसेल तर ठरलेल्या उपचारपद्धतीप्रमाणे डॉक्टर पुढची पायरी चढणार. म्हणजे ५ मिलिग्रॅम अम्लोडिपिनवर भागत नसेल तर ‘चालू ठेवा’ म्हणून परत न पाठवता टेल्मिसार्टन जोडणार.

चौथी गोष्ट शिपायाची. त्याने ३१ कप्प्यांची लाकडी पेटी करून घेतली. रुग्णाचे कार्ड पुढच्या भेटीच्या तारखेच्या कप्प्यात जाते. संध्याकाळी त्या दिवसाच्या कप्प्यात उरलेले कार्ड म्हणजे न आलेला माणूस. वेगळी यादी काढावी लागत नाही, पेटीच यादी असते. ही पेटी रोज लावणारा तो एकटाच होता.

परिणाम दाखवायला कोणता आकडा घ्यावा?

बहुतेक प्रस्ताव इथे पडतात. ‘१८ शिबिरे घेतली, ४,००० जणांची तपासणी केली’ हा परिणाम नव्हे, ते केलेले काम आहे. रुग्णाच्या शरीरात काय बदलले ते दाखवायचे, आणि त्यासाठी एक आकडा पुरतो: नोंदणी झालेल्या शंभर रुग्णांपैकी किती जणांचे बीपी या तिमाहीतल्या शेवटच्या भेटीत १४०/९० च्या खाली होते.

खरा प्रश्न छेदाचा आहे. शंभर कोणातले? आपल्या रुग्णालयाचे पहिल्या वर्षाचे जानेवारी ते मार्च घेऊ. त्याआधीच्या १ ऑक्टोबरपूर्वी नोंदवलेले रुग्ण ६४०. त्यांपैकी १७२ आले आणि बीपी आटोक्यात होते, १४८ आले पण आटोक्यात नव्हते, आणि ३२० तिमाहीभर फिरकलेच नाहीत. आता फक्त आलेल्यांना धरले तर ३२० पैकी १७२, म्हणजे ५४ टक्के. सगळ्यांना धरले तर ६४० पैकी १७२, म्हणजे २७ टक्के.

दोन वर्षांनंतरच्या त्याच तिमाहीत नोंदलेले रुग्ण ९१०. आटोक्यात ४७३, आले पण आटोक्यात नाहीत १८२, न आलेले २५५. आलेल्यांमध्ये मोजले तर ७२ टक्के, सगळ्यांमध्ये मोजले तर ५२ टक्के.

लिहिणाऱ्याचा हात आपोआप ७२ कडे जातो, कारण तो मोठा दिसतो. पण नीट पाहा. आलेल्यांचा हिशोब ५४ वरून ७२ वर गेला, म्हणजे १८ ची चढ. सगळ्यांचा २७ वरून ५२ वर गेला, म्हणजे २५ ची चढ. या टीमचे खरे काम न येणाऱ्यांना परत आणण्याचे होते. न आलेले शंभरात ५० होते, ते २८ वर आले. छेदातून न आलेल्यांना काढून टाकले की आपण टीमची मुख्य कामगिरीच पुसून टाकतो. प्रामाणिक छेद इथे टीमच्या फायद्याचा आहे, आणि असे मला पुष्कळ प्रस्तावांत आढळले आहे.

एक बारीक गोष्ट: २७ वरून ५२ म्हणजे ‘२५ टक्क्यांनी वाढ’ असे लिहू नका. कोणी त्याचा अर्थ सत्तावीसच्या पंचवीस टक्के असा घेईल, कोणी म्हणेल जवळपास दुप्पट झाले. ‘शंभरात २७ होते, ५२ झाले’ असे लिहिले की वाद उरत नाही आणि व्यासपीठावरून वाचतानाही कळते.

मधल्या काळात मरण पावलेल्या किंवा गाव सोडून गेलेल्या रुग्णांचे काय करायचे?

वेगळे दाखवा, गुपचूप गाळू नका. आपल्या उदाहरणात ३८ नावे नोंदवहीतून कमी झाली: ११ मृत्यू, २७ कायमचे स्थलांतर. ती ९१० मध्ये नाहीत, आणि हे प्रस्तावात एका ओळीत सांगितले आहे. शंकेखोर परीक्षक विचारेल की ती धरली तर काय होते. तर ९४८ पैकी ४७३, म्हणजे ५० टक्के. निष्कर्ष हलत नाही. ही ओळ आधीच लिहून ठेवली की प्रश्न येतच नाही.

हा आकडा आपोआपच सुधारला नसेल कशावरून?

रास्त शंका आहे. टीमने काही न करताही बीपीचा आकडा खाली येण्याची निदान तीन कारणे आहेत आणि तिन्ही तपासता येतात.

पहिले, ऋतू. थंडीत रक्तदाब चढतो, उन्हाळ्यात उतरतो. जानेवारीची तुलना मे महिन्याशी केली तर सूर्याचे श्रेय टीमला मिळते. म्हणून तिमाहीशी तीच तिमाही. आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे: जानेवारी-मार्चमध्ये ऊसतोडीला गेलेली माणसे गावात नसतात, त्यामुळे न येणाऱ्यांचा आकडा तेव्हा फुगलेला असतो. सगळ्यांत अवघड तिमाहीच निवडली आहे हे प्रस्तावात सांगायला लाजू नका.

दुसरे, नवे रुग्ण. एखाद्याची नोंदणी होते ती बहुधा त्याचे बीपी बरेच वर असताना. पुढच्या वेळी ते थोडे खाली येतेच, औषधाने आणि औषधाशिवायही. गेल्या महिन्यात नोंदलेल्यांचे ‘आधी आणि नंतर’ दाखवणे म्हणून फसवे ठरते. आपण किमान तीन महिने जुन्या नोंदीच धरल्या, त्याचे हेही एक कारण.

तिसरे कारण सर्वांत मजेशीर आहे आणि ते फारसे कोणी तपासत नाही: यंत्र. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात, तरी गर्दीत मोजणारा माणूस सवयीने शून्यावर आकडा बसवतो. १३८ असेल तर १४० लिहिले जाते. आणि १४० हे ‘१४० च्या खाली’ नसते! म्हणजे प्रत्यक्षात आटोक्यात असलेला रुग्ण कागदावर आटोक्याबाहेर जातो. मग मध्येच डिजिटल यंत्र आले, खरे १३८ लिहिले जाऊ लागले, आणि टीमने बोट न हलवता टक्केवारी वाढली.

हे ओळखायचे कसे? जुनी शंभर कार्डे काढा आणि वरचा आकडा शून्याने संपणारी किती ते मोजा. पाऱ्याच्या यंत्रावर खुणा सम आकड्यांच्या असल्याने साधारण वीस असायला हवीत. साठ निघाली तर गोलाई चालू होती. आपल्या रुग्णालयात यंत्र खरोखरच मध्ये बदलले होते. म्हणून टीमने पहिल्या वर्षाची ‘आटोक्यात नाहीत’ अशी १४८ कार्डे पुन्हा पाहिली. त्यांत वरचा आकडा नेमका १४० असलेली २९ निघाली. ती सगळीच्या सगळी प्रत्यक्षात आटोक्यात होती असे धरले, म्हणजे स्वतःच्या विरुद्ध जास्तीत जास्त झुकते माप दिले, तर पहिल्या वर्षाचा आकडा ६४० पैकी २०१, म्हणजे ३१ होतो. ३१ वरून ५२. चढ थोडी कमी झाली पण उभी राहिली. हा परिच्छेद जोडलेला प्रस्ताव परीक्षकाच्या लक्षात राहतो, कारण लिहिणाऱ्याने स्वतःचीच उलटतपासणी केलेली असते.

गोळ्यांचा पुरवठा तर सरकारने वाढवला. मग श्रेय टीमचे कसे?

पूर्ण नाहीच, आणि तसे लिहावे. गोळ्या नसत्या तर तीस दिवसांच्या देता आल्या नसत्या. पण गोळ्या आल्या म्हणून न आलेला माणूस परत येत नाही. शेजारच्या तालुक्यातल्या रुग्णालयालाही तोच पुरवठा मिळाला असेल, तर त्यांचे त्याच पद्धतीने मोजलेले आकडे त्यांच्या परवानगीने शेजारी ठेवा. रुग्णालयाचे नाव घालू नका. ‘पुरवठा सर्वांना मिळाला, पाठपुराव्याची पद्धत आमच्या टीमने बसवली’ एवढा दावा पुरेसा आणि खरा असतो. हृदयविकाराचे झटके किंवा मृत्यू कमी झाले असा दावा मात्र एका रुग्णालयाने दोन वर्षांत करू नये. एवढ्या थोड्या रुग्णांत तो सिद्ध होत नाही.

मानपत्राचा मजकूर कसा लिहावा?

प्रस्ताव डोळ्यांनी वाचला जातो, मानपत्र कानांनी ऐकले जाते. निवेदक ते पहिल्यांदाच पाहत असतो, माइक खरखरत असतो, आणि टीम अवघडून उभी असते. साठ-सत्तर शब्दांवर जाऊ नका. मोठ्याने वाचा, जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा.

नेहमीचा मजकूर असा येतो:

> आरोग्य क्षेत्रात अतुलनीय व भरीव योगदान देऊन, अहोरात्र अथक परिश्रम घेऊन, समाजातील तळागाळातील घटकांपर्यंत आरोग्यसेवा पोहोचविण्याचे महनीय कार्य आपल्या टीमने निःस्वार्थ भावनेने केले आहे. आपल्या या उत्तुंग कार्यास मानाचा मुजरा!

यात ‘आरोग्य’ काढून ‘शिक्षण’ घातले तर हाच मजकूर शाळेला चालतो, ‘सहकार’ घातले तर पतसंस्थेला. नाव झाकून वाचा आणि कोणाबद्दल आहे हे टीममधल्यालाच ओळखता येते का ते पाहा. ‘निःस्वार्थ’ हा शब्द तर मला खटकतोच. ही माणसे पगार आणि मानधन घेऊन, आणि आशाताईंच्या बाबतीत कधीकधी ते थकलेले असतानाही, काम करतात. काम चांगले झाले हेच कौतुक आहे.

आपल्या टीमसाठी मी असे लिहीन:

> बीपीची गोळी सुरू झालेला माणूस पुढच्या महिन्यात परत आला का, हे या टीमने दोन वर्षे रोज संध्याकाळी पाहिले. न आलेल्यांना सिस्टरांनी फोन केले, आशाताई त्यांच्या घरी गेल्या, आणि ऊसतोडीला निघालेल्यांच्या हाती दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. बीपी आटोक्यात असलेले रुग्ण शंभरात २७ होते, ते ५२ झाले. अकरा जणांच्या या टीमचा आणि ३४ आशाताईंचा हा सन्मान.

यात एकही मोठे विशेषण नाही. दुसऱ्या वाक्यात तीन हालचाली आहेत आणि त्या डोळ्यांसमोर येतात. आकडा एकच आहे. ऐकताना दुसरा आकडा पहिल्याला पुसतो, म्हणून न येणाऱ्यांचा ५० आणि २८ मी प्रस्तावातच ठेवला. मानपत्रातला आकडा प्रस्तावातल्या आकड्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. प्रस्तावात ५२ आणि मानपत्रात ‘सुमारे ६०’ असे झालेले मी पाहिले आहे. कोणीतरी शेवटच्या क्षणी गोल केले होते, तेही वरच्या बाजूला.

पुरावा म्हणून काय काय जोडायचे?

वर्तमानपत्रांची कात्रणे आणि उद्घाटनाचे फोटो बाजूला ठेवा. तिमाहीवार आकड्यांचा एक तक्ता जोडा, त्यात अंश आणि छेद दोन्ही दिसू द्या, नुसती टक्केवारी नको. किमान आठ तिमाह्या असाव्यात म्हणजे मध्ये घसरण झाली असेल तीही दिसते. पेटीचा फोटो जोडा, कारण ती पाहिल्यावर दुसरे रुग्णालय उद्या करून घेऊ शकते. नोंदवहीचे पान जोडायचे असेल तर नाव, मोबाईल आणि नोंदणी क्रमांक झाका. पेनाने खोडलेले नाव उजेडात वाचता येते, म्हणून त्यावर कागद चिकटवून मग झेरॉक्स काढा.

रुग्णाचे मनोगत घालावे का?

एक, लेखी संमती घेऊन, नाव आणि गाव न देता. ‘डॉक्टर देवमाणूस आहेत’ अशा मनोगताने काही सिद्ध होत नाही. ‘पूर्वी दहा दिवसांनी खाडा पडायचा, आता महिन्यातून एकदाच येते’ हे उपयोगी, कारण ते तीस दिवसांच्या गोळ्यांचा परिणाम रुग्णाच्या तोंडून सांगते.

जे जमले नाही ते लिहिले तर गुण कमी होतील का?

माझ्या अनुभवात उलटे होते, पण जागा जपून निवडावी लागते. आपल्या टीमकडे आलेले पण आटोक्यात नसलेले १८२ जण आहेत. त्यांतल्या कितींना औषधाची पुढची पायरी मिळाली, हे टीमने कार्डांवरून काढले, तेव्हा निम्म्यांना तीच गोळी चालू ठेवलेली आढळली. म्हणजे माणसे परत आणण्यात टीम पुढे गेली, औषध वाढवण्यात डॉक्टर मागे राहिले. हे प्रस्तावात दोन ओळींत लिहिले आहे आणि पुढच्या वर्षी काय करणार तेही. दोन्ही डॉक्टरांनी वाचून त्यावर सही केली. सहीला त्यांनी दोन दिवस लावले, ते साहजिकच आहे.

नावांची पडताळणी कोणी करावी?

ज्याचे नाव त्यानेच. छापायला देण्याआधी यादी फिरवा आणि प्रत्येकाकडून आपापल्या नावासमोर सही घ्या. पाठक आणि फाटक, जोशी आणि जोषी, लग्नानंतर आडनाव न बदललेल्या सिस्टर, आणि शिपाई मामा. त्यांना रुग्णालयात सगळे मामाच म्हणतात, आणि त्यांचे पूर्ण नाव कोणालाच ठाऊक नसते.